यूएसएस पेन्शन: ८३ टक्क्यांचे १११ टक्के झाले कसे? आणि तूट असताना विश्वस्त नेमकं करतात काय?

शरयू_शेफील्ड

मी २०२१ च्या शरद ऋतूत इकडे विद्यापीठात शिकवायला लागले, तेव्हापासून यूएसएसची सभासद आहे. इंग्लंडातल्या बऱ्याच विद्यापीठांची ही एकत्र पेन्शन योजना, इथे वाचणाऱ्या पुष्कळ जणांची असेलच.

मी लागले तेव्हा सगळीकडे एकच ओरड होती की फंडात १४.१ अब्ज पौंडांची तूट आहे, फंडिंग रेशो ८३ टक्के. पगारातून ९.८ टक्के कापले जात होते, पुढच्या पेन्शनची गणितं बदलत होती आणि सहकारी संपावर होते. मग २०२३ च्या मूल्यांकनात कळलं की ७.४ अब्ज शिल्लक आहेत, रेशो १११ टक्के. जानेवारी २०२४ पासून माझी कपात ६.१ टक्क्यांवर आली.

तीन वर्षांत एवढे पैसे आले कुठून? आणि खरंच तूट असते तेव्हा विश्वस्तांच्या हातात काय असतं? पेन्शन कापतात का? शिवाय ऑफिसातला एक जण म्हणतो की वर्षाच्या पत्रात आणखी एक टक्केवारी असते, ती बरीच कमी असते आणि तीच खरी. कुणी नीट सांगेल का?

बोरिवली_लोकल

सोपं आहे. मार्च २०२० मध्ये कोविडने बाजार पडला, फंडाचे शेअर पडले, म्हणून ८३. नंतर बाजार वर गेला, शेअर वर गेले, म्हणून १११. आपल्या म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट बघितलं की तेच दिसतं. ८३ टक्के म्हणजे शंभर रुपये द्यायचे होते आणि ८३ च होते. तसंच राहिलं असतं तर प्रत्येकाला ८३ टक्केच पेन्शन मिळाली असती. हाय काय नि नाय काय.

डेक्कनचा_हिशेबनीस

बोरिवलीकर, भाजक-भाज्य बरोबर मांडलंत, पण बाकीचं थोडं उलट झालंय. (मी लंडनमध्ये पेन्शन मूल्यांकनाच्याच धंद्यात आहे. यूएसएसचं काम कधी केलेलं नाही, त्यामुळे इथे जे लिहितो ते जाहीर आकड्यांवरून.)

यूएसएसची मालमत्ता ३१ मार्च २०२० ला ६६.५ अब्ज पौंड होती. मार्च २०२२ ला ती ८८.९ अब्ज झाली. आणि मार्च २०२३ ला, म्हणजे ज्या दिवशीच्या हिशेबात १११ टक्के निघाले त्या दिवशी, ती होती ७३.१ अब्ज. एका वर्षात जवळजवळ सोळा अब्ज पौंड उडाले आणि तरीही योजना शिलकीत आली. बाजार चढल्यामुळे शिल्लक आली असती तर हे झालं नसतं.

बदलला तो भागाकारातला खालचा आकडा. देणी २०२० मध्ये ८०.६ अब्ज धरली होती, २०२३ मध्ये ६५.७ अब्ज. मधल्या काळात म्हातारे काही कमी झाले नाहीत, कुणाची पेन्शनही कमी केली नाही. देण्यांचा आकडा पंधरा अब्जांनी उतरला तो मुख्यतः व्याजदरामुळे.

शरयू_शेफील्ड

इथेच मी अडकते. मला २०५० मध्ये अमुक पौंड द्यायचे आहेत ते द्यायचेच आहेत. व्याजदर वाढल्याने ते कमी कसे होतील?

डेक्कनचा_हिशेबनीस

द्यायचे पौंड तेवढेच राहतात. त्यासाठी *आज* किती बाजूला हवेत तो आकडा बदलतो.

एकच माणूस घ्या, एकच हप्ता घ्या. २५ वर्षांनी त्याला १०,००० पौंड द्यायचेत. बाजूला ठेवलेला पैसा दरसाल ३ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर आज सुमारे ४,७७६ पौंड हवेत. ६ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर २,३३० पुरतात. माणूस तोच, वर्ष तेच, रक्कम तीच, आणि आजची देणी निम्म्याहून कमी.

आता समजा फंडात ४,००० आहेत. ३ टक्के धरले तर रेशो ८४ टक्के, सगळे घाबरलेले. मग व्याज वर गेलं आणि त्याच धक्क्यात फंडाचे रोखे पडून ४,००० चे ३,००० झाले. पण ६ टक्के धरल्यावर रेशो १२९ टक्के! पैसा चतुर्थांशाने घटला आणि योजना तुटीतून शिलकीत गेली. यूएसएसचं झालं ते याच जातीचं, फक्त इतकं टोकाचं नाही, कारण तिथली पेन्शन महागाईबरोबर वाढते आणि महागाईचा अंदाजही याच हिशेबात येतो.

हा दर ठरवताना इकडे बहुतेक जण गिल्टच्या म्हणजे ब्रिटिश सरकारी रोख्यांच्या परताव्यावर थोडं वर धरतात. मार्च २०२० मध्ये लांब मुदतीच्या गिल्टवर टक्कासुद्धा सुटत नव्हता. मार्च २०२३ मध्ये साडेतीनच्या वर सुटत होता. गंमत अशी की गिल्टच्या *वर* किती धरायचं ते विश्वस्तांनी २०२३ मध्ये उलट कमी केलं. निवृत्तीआधीच्या काळासाठी २.७५ चे २.५ आणि नंतरच्या काळासाठी १ चे ०.९. म्हणजे अंदाज जास्त सावध झाले, तरी पायाच एवढा वर सरकला की देणी खाली आली.

रानजाई

थोडक्यात काय, तूट कधी नव्हतीच. आम्ही संपात उभे होतो तेव्हा नेमकं हेच ओरडून सांगत होतो. कोविडच्या तळात, ३१ मार्च २०२० ला मूल्यांकनाची तारीख धरायची, सरकारी रोख्यांवर जवळजवळ काहीच परतावा नसताना त्यावर भविष्य मोजायचं, आणि मग म्हणायचं की पैसे नाहीत. आमचा पगार कापला गेला तो एका गृहीतकापायी. यूएसएस ही काही बंद पडत चाललेली योजना नाही, दरवर्षी नवीन तरुण सभासद येतात, वर्गणी येत राहते. आज गिल्ट किती देतं याच्याशी पन्नास वर्षं चालणाऱ्या फंडाचा काय संबंध?

बोरिवली_लोकल

रानजाई, असं असेल तर १११ पण खोटेच की मग. गृहीतक सोयीचं निघालं की खरं आणि गैरसोयीचं निघालं की खोटं, असं कसं?

रानजाई

मी १११ ला खरं म्हटलेलंच नाही. एवढा हलणारा आकडा घेऊन लोकांची पेन्शन तीन वर्षांत खाली-वर करू नका, एवढंच म्हणणं आहे.

डेक्कनचा_हिशेबनीस

रानजाई, तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे आणि धंद्यातल्या बऱ्याच जणांनाही. २०१८ मध्ये विद्यापीठं आणि कर्मचारी संघटना अशा दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही असंच काहीसं म्हटलं होतं. विश्वस्त गरजेपेक्षा जास्त सावध आहेत आणि एकूण २९.२ टक्के वर्गणीत तेच लाभ देता येतील, असा त्यांचा अहवाल होता. विश्वस्तांनी तो पूर्ण स्वीकारला नाही.

पण विश्वस्तांच्या जागी बसून बघा. कायदा गृहीतकं 'सावध' असावीत असंच सांगतो. 'सरासरीने जे होईल ते' धरायची मुभा नाही. शेअर गिल्टपेक्षा जास्त देतील अशी आशा धरता येते, पण तसं झालं नाही तर उरलेलं कोण भरणार, हा प्रश्न नियामक लगेच विचारतो. उत्तर असतं 'मालक', म्हणजे इथे विद्यापीठं. म्हणून आकड्याइतकीच मालकाची ऐपत आणि तो टिकून राहण्याची खात्री मोजली जाते. आमच्याकडे निम्मी भांडणं दरावर होतात आणि निम्मी या ऐपतीवर.

तारखेबद्दल म्हणाल, तर २०१८ च्या मूल्यांकनानुसार ऑक्टोबर २०२१ मध्ये एकूण वर्गणी ३४.७ टक्क्यांवर जायची होती. ती टाळायची म्हणून २०२० चं मूल्यांकन आधीच ठरलं होतं. त्यात कोविड येऊन बसला. दुर्दैव म्हणा. हेतू होता असं मी म्हणणार नाही, तुम्ही म्हणाल.

निवृत्त_मास्तर_सांगली

नमस्कार. चर्चा वाचतो आहे. मी आधी शाळेत होतो व नंतर सहकारी साखर कारखान्यात हिशेब विभागात. ईपीएस ९५ ची पेन्शन मिळते, ती किती हे सांगायलाही लाज वाटते. सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२२ चा निकाल आला, जादा पेन्शनसाठी अर्ज भरला, पुढे काही नाही. आमचे विश्वस्त कोण? त्यांच्याकडे किती टक्के आहेत ते कुणी सांगावे.

डेक्कनचा_हिशेबनीस

मास्तर, नमस्कार. तुमच्या अर्जाचं काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही, त्यासाठी तुमच्या विभागीय पीएफ कार्यालयातच विचारावं लागेल. पण विश्वस्तांबद्दल विचारलंत ते इथे लागू आहे.

ईपीएफओला केंद्रीय विश्वस्त मंडळ आहे, पण ईपीएसमध्ये तूट निघाली तर मंडळ कारखान्याकडे जाऊन 'अजून भरा' म्हणू शकत नाही. मालकाचे ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के, तेही पगाराच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत, हे योजनेतच लिहिलेलं आहे. मूल्यांकन दरवर्षी करायचं आणि त्यावरून वर्गणी किंवा लाभ बदलायचे की नाही ते केंद्र सरकारने ठरवायचं, असं योजनेच्या ३२ व्या परिच्छेदात आहे. त्यामुळे तिथला वाद दिल्लीशी होतो. इकडे विश्वस्त आणि मालक समोरासमोर बसतात, मागे नियामक काठी घेऊन उभा असतो.

टिकलीएवढी

मास्तर, माझ्या सासऱ्यांचंही तसंच आहे, त्यांना तर किमान १००० चीच मिळते. वेगळा धागा काढू या का त्यासाठी? इथे हरवून जाईल.

निवृत्त_मास्तर_सांगली

काढा. मी येतो. पण हेही वाचतो आहे, आकडे आवडतात.

शरयू_शेफील्ड

मास्तर, वाचत राहा, तुमच्यासारख्यांची गरज आहे :)

डेक्कनचे दादा, माझा दुसरा प्रश्न राहिला. ८३ टक्के निघाले. पुढच्या दिवशी सकाळी विश्वस्त काय करतात?

डेक्कनचा_हिशेबनीस

आधी काय करू *शकत नाहीत* ते सांगतो, कारण बोरिवलीकरांचं ८३ टक्के पेन्शनचं गणित तिथे अडतं. तुम्ही आजपर्यंत नोकरी करून जी पेन्शन कमावली, ती विश्वस्त कमी करू शकत नाहीत. १९९५ च्या पेन्शन कायद्याचं ६७ वं कलम त्यासाठीच आहे. योजना ८३ वर असो की ६० वर, निवृत्त माणसाच्या खात्यात दर महिन्याला पूर्ण रक्कम जाते. तूट दिसते ती पुढच्या कित्येक दशकांच्या हिशेबात. आज तिजोरीत ६६ अब्ज पडलेले असतात, रोकड संपलेली नसते.

मग त्यांच्या हातात उरतं काय? मूल्यांकनाच्या तारखेपासून पंधरा महिन्यांत विश्वस्तांनी मालकाशी बोलून हिशेब पक्का करायचा, आणि तूट असेल तर ती किती वर्षांत, कुणी, किती भरून काढायची याचा आराखडा नियामकाकडे द्यायचा. नियामक हो-नाही म्हणून शिक्का मारत नाही, पण न पटल्यास हात घालू शकतो.

यूएसएसमध्ये मार्च २०२१ मध्ये विश्वस्तांनी आकडे मांडले. आहेत तेच लाभ चालू ठेवायचे तर एकूण वर्गणी पगाराच्या किमान ४२.१ टक्के लागेल, आणि विद्यापीठांनी मागे उभं राहायची ठोस हमी दिली नाही तर ५६.२ पर्यंत. त्या वेळी चालू होती ३०.७. ५६ टक्के कुणीच देणार नव्हतं, हे तो आकडा मांडणाऱ्यांनाही माहीत होतं. तो आकडा लोकांना टेबलावर बसवण्यासाठी होता असं मला वाटतं, पण कायद्याने मांडावाही लागतो.

मग विद्यापीठांनी हमी दिली. वाटेल तेव्हा योजनेतून बाहेर पडणार नाही, फार कर्ज काढणार असलो तर आधी कळवू, वगैरे. त्याबदल्यात विश्वस्तांनी थोडी आशावादी गृहीतकं मान्य केली. तरी दरी उरली. ती भरली *पुढच्या* नोकरीच्या लाभांतून. एप्रिल २०२२ पासून दरवर्षी पगाराचा १/७५ ऐवजी १/८५ हिस्सा पेन्शनला, आणि तोही पगाराच्या ४०,००० पौंडांपर्यंतच. त्यावरचा पगार साध्या बचत खात्याच्या पद्धतीने. पुढे महागाईची वाढ जास्तीत जास्त अडीच टक्के ठेवायचीही तरतूद होती, ती प्रत्यक्षात लागू व्हायच्या आत रद्द झाली.

एवढं केल्यावर वर्गणी ३१.४ वर थांबली, सभासद ९.८ आणि मालक २१.६. त्यातले सहा टक्क्यांहून थोडे जास्त निव्वळ जुनी तूट फेडायला होते, आणि ही फेड २०३८ पर्यंत चालायची होती.

रानजाई

आणि हे ठरवलं कुणी? विश्वस्तांनी नाही. पाच मालकांचे, पाच आमच्या संघटनेचे आणि एक स्वतंत्र अध्यक्ष अशी समिती. अध्यक्षांचं निर्णायक मत मालकांच्या प्रस्तावाला गेलं. हेही लिहा ना.

डेक्कनचा_हिशेबनीस

बरोबर आहे, राहिलं. लाभ बदलायचे की वर्गणी, हे ती संयुक्त समिती ठरवते. विश्वस्त फक्त सांगतात की एवढ्या लाभांची एवढी किंमत. समितीचं जमलंच नाही तर नियमात आधीच लिहून ठेवलंय, वाढलेला खर्च ६५ टक्के मालकांनी आणि ३५ टक्के सभासदांनी उचलायचा. त्यामुळे न ठरवणं हासुद्धा एक निर्णयच होतो आणि तो महागडा असतो.

कॅममधला_पामर

इथे एक पुरवणी. ही योजना 'जो शेवटी उरेल त्याने भरावं' अशी आहे. एखादं विद्यापीठ बुडालं आणि त्याचा वाटा वसूल झाला नाही, तर बाकीच्यांच्या गळ्यात येतो. म्हणूनच २०१९ मध्ये केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज बाहेर पडलं तेव्हा एवढा गदारोळ झाला. ते अत्यंत श्रीमंत कॉलेज. सुमारे ३ कोटी पौंड भरून मोकळं झालं. तूट भरायला सगळ्यात सक्षम असलेलाच निघून गेला तर बाकीच्यांची ऐपत कमी मोजली जाणार, हे उघड आहे. वर हिशेबनीसांनी 'बाहेर पडणार नाही' अशी हमी म्हटलंय, तिचं मूळ बरंचसं इथे आहे.

विद्यापीठ_अकाउंट्स

मी एका विद्यापीठाच्या वित्त विभागात आहे, नाव विचारू नका. या तुटीने आमच्या ताळेबंदाची जी दशा केली ती कुणाला सांगू! २०२२ च्या वर्षी २०३८ पर्यंतच्या फेडीचे सगळे हप्ते आजच्या किमतीत देणं म्हणून दाखवावे लागले, त्यामुळे चांगल्या चाललेल्या विद्यापीठाने प्रचंड तोटा दाखवला. २०२४ मध्ये फेड संपली म्हणून तेच देणं उलटं फिरवलं आणि त्याच विद्यापीठाने अफाट नफा दाखवला. दोन्ही वर्षी बँकेतली रोकड जवळपास सारखीच. त्या नफ्याकडे बोट दाखवून लोक पगारवाढ मागायला आले, त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले.

बोरिवली_लोकल

ठीक आहे, माझं ८३ टक्के पेन्शनचं गणित मागे. पण एक शंका. व्याज वाढलं की देणी उतरतात, म्हणजे व्याज वाढणं पेन्शन फंडांना गोड. मग सप्टेंबर २०२२ मध्ये व्याज भसकन वाढल्यावर इंग्लंडच्या रिझर्व्ह बँकेला, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडला, पेन्शन फंड वाचवायला का धावावं लागलं?

डेक्कनचा_हिशेबनीस

हा प्रश्न आवडला. रेशो आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आठवड्यात बऱ्याच विश्वस्तांना पहिल्यांदा कळलं.

बऱ्याच खासगी योजनांनी व्याज *पडण्यापासून* स्वतःला वाचवायचं म्हणून उसन्या पैशांवर जास्तीचे गिल्ट घेतले होते. व्याज झपाट्याने वाढलं, गिल्ट पडले, आणि उसने देणाऱ्यांनी ताबडतोब आणखी तारण मागितलं, काहींना तर काही तासांत. रेशो कागदावर सुधारत होता आणि हातात द्यायला रोकड नव्हती. मग सगळ्यांनी एकदमच गिल्ट विकायला काढले, त्याने ते आणखी पडले. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंड खरेदीला उतरली ती हे चक्र तोडायला. काही योजनांना त्या गडबडीत चांगली मालमत्ता पडेल भावाने विकावी लागली, म्हणजे रेशो वाढूनही नुकसान झालंच.

जमशेदपूर_रिटर्न

वर कुणीतरी विचारायला हवं होतं ते मीच विचारतो आणि मीच सांगतो: मालकाचीच ऐपत संपली तर? याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या बॉम्बे हाऊसशी जोडलेलं आहे. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही पोलाद कंपनी घेतली, तिच्यासोबत ब्रिटिश स्टीलची पेन्शन योजनाही गळ्यात आली. सुमारे सव्वा लाखाहून जास्त सभासद, फंड १५ अब्ज पौंडांच्या घरात. कारखाने तोट्यात आणि पेन्शन एवढी मोठी की कंपनी तिच्यापुढे लहान.

शेवटी २०१७ मध्ये नियामकाच्या संमतीने तोडगा निघाला. टाटा स्टील यूकेने योजनेला ५५ कोटी पौंड रोख आणि कंपनीतला ३३ टक्के हिस्सा दिला आणि जबाबदारीतून सुटली. सभासदांना दोन वाटा दिल्या. एक, नवीन योजनेत या, तिथे दरवर्षीची वाढ कमी मिळेल. दोन, पेन्शन संरक्षण निधीत जा. बहुतेक जण नवीन योजनेत गेले. शरयूताई, इथे कापली गेली बघा पेन्शन, फक्त हप्ता न कापता वाढ कापली. वीस वर्षांत तो फरक काही लहान राहत नाही.

डेक्कनचा_हिशेबनीस

छान मांडलंत. तो संरक्षण निधी काय देतो तेही सांगतो, म्हणजे बोरिवलीकरांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर पूर्ण होईल. मालक दिवाळखोर झाला आणि फंड पुरेसा नसेल तर निधी योजना ताब्यात घेतो. जे निवृत्तीचं वय गाठून पेन्शन घेतायत त्यांना पूर्ण रक्कम, बाकीच्यांना ९० टक्के. पण वाढ तुटपुंजी असते, १९९७ नंतरच्या नोकरीवर जास्तीत जास्त अडीच टक्के, आणि त्याआधीच्या नोकरीच्या हिश्श्यावर वाढ नाही अशीच वर्षानुवर्षं रीत होती. म्हणून ९० टक्के ऐकायला बरं वाटतं, पण सत्तरीनंतर खरी झळ लागते.

ब्रिटिश स्टीलमध्ये तिसरीही एक वाट होती, आणि ती सगळ्यात वाईट ठरली. सुमारे आठ हजार लोकांनी घाबरून आपली पेन्शन एकरकमी बाहेर काढली, जवळपास २.८ अब्ज पौंड. त्यातल्या पुष्कळांना सल्लागारांनी चुकीचा सल्ला दिला होता आणि पुढे सल्लागारांवर देखरेख करणाऱ्या नियामकाला भरपाई योजना आणावी लागली. विश्वस्तांनी पत्रं पाठवली, बैठका घेतल्या, पण पोर्ट टॅलबटच्या कारखान्याबाहेर उभा असलेला सल्लागार जास्त जवळचा वाटला. उलट नवी योजना पुढे इतकी सुधारली की २०२३ पर्यंत तिची सगळी देणी एका विमा कंपनीने उचलली.

शरयू_शेफील्ड

म्हणजे घाबरून बाहेर पडणं हाच सगळ्यात मोठा धोका. २०२२ मध्ये माझ्याच विभागातल्या दोघांनी यूएसएस सोडली होती, 'बुडणाऱ्या फंडात कशाला भरू' म्हणून. मालकाचे एकवीस टक्के सोडून दिले त्यांनी.

आता शेवटचं. ती कमी टक्केवारी कुठली? आणि पत्र आलं की मी काय बघू?

डेक्कनचा_हिशेबनीस

ती विमा कंपनीला सगळी देणी आज विकायची झाली तर, त्या हिशेबाची. विमा कंपनी गिल्टच्या आसपासचाच परतावा धरते, वर स्वतःचं भांडवल आणि नफा जोडते, म्हणून किंमत जास्त आणि रेशो कमी. यूएसएस काही बंद व्हायची नाही, त्यामुळे ती 'खरी' हे म्हणणं मला पटत नाही. पण मालकाची ऐपत डळमळीत असलेल्या लहान खासगी योजनेत मी सगळ्यात आधी तीच बघेन, कारण मालक गेला की उरलेला सगळा पैसा त्याच मापाने मोजावा लागतो.

पत्रात आधी तारीख बघा. तीन वर्षांनी होतं ते पूर्ण मूल्यांकन. मधल्या वर्षांचे आकडे म्हणजे जुनीच माहिती नव्या व्याजदराने पुढे ओढलेली, कोण किती जगलं, पगार किती वाढले हे त्यात नीट येत नाही. मग रेशो बदलला असेल तर मालमत्ता आणि देणी वेगवेगळी बघा, कुठली हलली ते कळतं. आणि मालकाला फंडातून काही पैसे परत दिलेत का, नियामकाने हस्तक्षेप केलाय का, ही दोन वाक्यं त्या पत्रात कायद्याने असावी लागतात. लोक ती वाचतच नाहीत.

रानजाई

आणि शिल्लक आल्यावर काय करायचं यावर कायदा एवढा बोलका नाही. २०२४ मध्ये १/७५ परत आणलं, पगाराची मर्यादाही ७०,२९६ केली, मधल्या दोन वर्षांची थोडी भरपाई दिली, हे मान्य. पण वर्गणी ३१.४ वरून एकदम २०.६ वर आणली, त्यातली मोठी बचत विद्यापीठांच्या खिशात गेली. उद्या गिल्ट परत पडले की पुन्हा आमच्याकडे बोट. थोडी गादी ठेवायला नको होती?

डेक्कनचा_हिशेबनीस

गादी आहेच, ७.४ अब्जांची बरीच शिल्लक तशीच ठेवली आहे. ती पुरेशी आहे का यावर माझं आणि तुमचं जमणार नाही. वर्गणी २५ टक्क्यांवर ठेवली असती तर तरुण, कंत्राटी लोक योजनेबाहेरच राहिले असते असं मला वाटतं, आणि तसे ते आधी राहतही होते.

रानजाई

कंत्राटी लोकांना पगार नीट दिला तर राहणार नाहीत बाहेर. असो.

कॅममधला_पामर

पुढचं मूल्यांकन ३१ मार्च २०२६ च्या तारखेचं आहे. पंधरा महिने धरले तर जून २०२७ पर्यंत सगळं पक्कं व्हायला हवं.

निवृत्त_मास्तर_सांगली

हिशेबनीस साहेब, १.०३ चा पंचविसावा घात मी हाताने काढून बघितला. ४,७७६ बरोबर आहे. एक विचारतो. त्या २५ वर्षांत माणूस आधीच वारला तर ते १०,००० कुणाला?

डेक्कनचा_हिशेबनीस

मास्तर, पती किंवा पत्नी असेल तर ठरलेला हिस्सा त्यांना, नाहीतर ते फंडातच राहतात आणि जास्त जगणाऱ्याच्या कामी येतात. माणसं किती जगणार हाही एक अंदाजच, आणि तोसुद्धा दर तीन वर्षांनी बदलतो. मी मुद्दाम तो वर घेतला नाही, नाहीतर शरयूताई पळून गेल्या असत्या.

शरयू_शेफील्ड

नाही पळत. त्यावर वेगळं लिहा मात्र.